टाका तुटतो तेव्हा



ज्या डॉक्टरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर एका गावात साधी प्रॅक्टिस करत राहिले. त्यांच्याबद्दल मला सांगितलं गेलं ते असं, की पेशंट दाराशी थांबून जे शेवटचं वाक्य बोलतो, तेच ते नीट ऐकायचे. अशाच, दाराशी थांबून सांगितल्या जाणाऱ्या एका दुखण्याबद्दल मी आज बोलणार आहे. शरीरसंबंधाच्या वेळी पुरुषाच्या शिश्नाखालचा टाका फाटतो, रक्त येतं, भरून येतो आणि पुन्हा फाटतो. या सभागृहात कुटुंबं बसलेली आहेत याचं मला भान आहे. म्हणूनच मी अवयवांची नावं आडवळणाने घेणार नाही.

'टाका' हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण तरुण मुलं तोच वापरतात. "डॉक्टर, माझा टाका तुटला." काही जण 'दोरी' म्हणतात, काही 'शीर'. वैद्यकात त्याला फ्रेन्युलम म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ छोटा लगाम. जिभेखाली जसा मधोमध एक पातळ पडदा असतो आणि तो आखूड असला की जीभ बाहेर येत नाही, तसाच हा. शिश्नाच्या पुढच्या बोंडाच्या खालच्या बाजूला, लघवीच्या छिद्राच्या जरा खाली, त्वचेची एक उभी घडी असते. ती बोंडाला पुढच्या कातडीशी जोडते. कातडी मागे गेली की ही घडी ताणते आणि नंतर कातडी पुन्हा पुढे यायला मदत करते. तिच्यात एक छोटी रोहिणी असते आणि भरपूर संवेदना असतात. रक्त एवढं का येतं आणि भीती एवढी का वाटते, याचं उत्तर त्या रोहिणीत आहे.

बहुतेक पुरुषांत ही घडी पुरेशी लांब आणि लवचीक असते. काहींमध्ये ती जन्मतःच आखूड असते. एरवी काही कळत नाही. ताठरता आली आणि कातडी पूर्ण मागे गेली की घडी तारेसारखी ताणते आणि बोंड खाली वाकतं. त्या स्थितीत घाई झाली, ओलसरपणा कमी असला, की ती आडवी फाटते. चटका बसल्यासारखी कळ येते आणि लालभडक रक्त येतं. ताठरतेत त्या भागाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून दोन चमचे रक्तसुद्धा चादरीवर खूप दिसतं.

आता मी ज्याची गोष्ट सांगणार आहे, त्याची ओळख लागू नये एवढे तपशील बदलले आहेत. दुखण्याचे तपशील मात्र जसेच्या तसे आहेत. सातारा जिल्ह्यातला सत्तावीस वर्षांचा मुलगा, चाकणच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणारा. लग्न मे महिन्यात झालं. माझ्याकडे आला तो ऑक्टोबरात, आणि तक्रार सांगितली 'लघवीला जळजळ'. लघवीची तपासणी स्वच्छ होती. मी आणखी दोन प्रश्न विचारले, त्याची उत्तरं तुटक आली. तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "साहेब, दर वेळी रक्त येतं."

पहिल्या रात्रीच टाका फाटला होता. त्याला वाटलं, नस तुटली, आता आपण संपलो. त्याने रुमाल घट्ट गुंडाळून वर गाठ मारली आणि सकाळपर्यंत तसाच पडून राहिला. बायकोला म्हणाला, थकलोय. आठ-दहा दिवसांत जखम भरल्यासारखी दिसली, तिसऱ्या आठवड्यात पुन्हा फाटली. जुलैमध्ये तिसऱ्यांदा. मग त्याने रात्रपाळी मागून घ्यायला सुरुवात केली. मधल्या काळात एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या 'गुप्तरोग' पाटीवाल्याकडून महिन्याभराच्या पुड्या घेतल्या, एका दवाखान्यातून मलम आणि दुसऱ्यातून अँटिबायोटिक. तिन्ही ठिकाणी त्याला कोणी तपासलं नव्हतं. पँट न उतरवता तिघांनी त्याला औषध दिलं होतं.

मी त्याला पडद्यामागे घेतलं, दिवा जवळ ओढला आणि त्यालाच कातडी हळूच मागे घ्यायला सांगितलं. कातडी सहज मागे गेली. म्हणजे तिचं तोंड अरुंद नव्हतं. हा फरक महत्त्वाचा आहे. कातडीचं तोंडच आवळलेलं असेल तर तो फायमोसिस, त्याचा उपाय वेगळा. इथे कातडी मागे जात होती, पण जाताना बोंडाला खाली खेचत होती, आणि मधोमध एक पांढरट, जाडसर, कडक दोरी दिसत होती. ती बोटाखाली ताणत नव्हती. निदान झालं, त्याला अर्धं मिनिट लागलं.

त्याचा पुढचा प्रश्न प्रत्येक जण विचारतो तोच होता. भरून आलं होतं, मग पुन्हा का फाटलं?

टाका पूर्ण तुटला, वरपासून खालपर्यंत, तर गंमत नव्हे पण नवल असं की पुष्कळदा त्रास तिथेच संपतो. खेचणारी दोरीच उरत नाही. अडचण होते ती अर्धवट फाटण्याने. अर्धवट फाटलेली जागा शरीर व्रण तयार करून भरतं, आणि व्रणाची ऊती मूळ त्वचेसारखी ताणत नाही. ती आकसते. म्हणजे आधीच आखूड असलेला टाका भरून आल्यावर थोडा आणखी आखूड आणि बराच कडक होतो. पुढच्या वेळी तो कमी ताणाला फाटतो. त्यात माणूस थांबत नाही. वरून त्वचा जुळली की त्याला वाटतं, झालं बरं. वरची त्वचा आठवडा-दहा दिवसांत जुळते, पण आतल्या जोडाला जोर यायला काही आठवडे लागतात. या मुलाने दोन्ही वेळा तीन आठवडेही पूर्ण होऊ दिले नव्हते.

म्हणून पहिल्यांदा फाटतो तेव्हा काय करायचं, ते आधी सांगतो. स्वच्छ कापड किंवा गॉज घ्यायचा, फाटलेल्या जागेवर ठेवायचा आणि अंगठा व बोटाच्या चिमटीत घट्ट दाबून धरायचा. घड्याळ लावून दहा मिनिटं. मध्ये उघडून बघायचं नाही. दर मिनिटाला उघडून बघितलं की तयार होणारी गुठळी निघते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. ताठरता ओसरू द्यायची. थांबलं नाही तर आणखी दहा मिनिटं. एवढं करूनही रक्त वाहतच असेल तर रात्र असली तरी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं. तिथे विरघळणाऱ्या धाग्याचा एखादा बारीक टाका घालून ती रोहिणी बंद करता येते. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा रक्त न गोठण्याचा आजार असेल तर वाट बघत बसू नये.

दाबायचं, आवळायचं नाही. दोरा, रबरबँड, गाठ मारलेला रुमाल, यांतलं काहीही नको. आणि रक्त थांबलं की कातडी पुन्हा पुढे ओढून घ्यायची. ती बोंडामागे अडकून राहिली तर सूज येते, सुजेमुळे ती आणखी अडकते आणि मग मूळ फाटण्यापेक्षा मोठं संकट उभं राहतं. आमच्या या मुलाने पहिल्या रात्री रुमाल बांधला तेव्हा कातडी मागेच होती. सकाळी ती सुटली हे त्याचं नशीब. जखमेवर हळद, चुना, तंबाखू भरू नये, डेटॉल ओतू नये. साध्या पाण्याने धुवावं, कोरडं करावं, रोज थोडं व्हॅसलीन लावावं, म्हणजे कपड्याला चिकटत नाही. चार ते सहा आठवडे संबंध नाही आणि हस्तमैथुनही नाही.

दोन गोष्टी टाक्यासारख्या वाटतात पण टाका नसतात. संबंधाच्या वेळी 'कट्' असा आवाज झाला, ताठरता एकदम गेली आणि शिश्न सुजून काळंनिळं पडू लागलं, तर आतलं आवरण फाटलेलं असू शकतं. त्याला त्याच दिवशी शस्त्रक्रिया लागते. तसंच, रक्त खालच्या घडीतून न येता लघवीच्या छिद्रातून येत असेल तर मूत्रमार्गाला इजा असू शकते. तिथेही थांबू नये. आणि उघडी जखम हे जंतूंना दार असतं, येण्याचंही आणि जाण्याचंही. जोडीदाराची तपासणी माहीत नसेल आणि निरोध वापरला नसेल, तर एचआयव्ही रोखण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि ती जितकी लवकर तितकी बरी.

पहिल्यांदा फाटलेले पुष्कळ टाके दाब आणि आराम एवढ्यावर भरतात आणि पुन्हा फाटत नाहीत. म्हणून पहिल्या फाटण्यानंतर लगेच शस्त्रक्रिया नको, असं माझं मत आहे, आणि ते मी चुकीतून शिकलो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक तरुण परदेशी नोकरीला जाण्याआधी आला. एकदाच फाटलं होतं, दोन आठवडे झाले होते. तो घाईत होता आणि मीही त्याच्या घाईला भुललो. न भरलेल्या, सुजलेल्या ऊतीवर मी टाके घातले. ते धरले नाहीत, जखम उघडली आणि नंतर आला तो व्रण मूळ टाक्यापेक्षा जाड होता. सहा आठवडे थांबलो असतो तर कदाचित त्याला माझी गरजच पडली नसती. त्यानंतर मी कोणाच्या तिकिटाची तारीख बघून चाकू उचलला नाही.

मग छोटी शस्त्रक्रिया कधी उपयोगी पडते? पुरेसा आराम देऊनही टाका पुन्हा फाटला तर. किंवा फाटत नसला तरी ताठरतेत दर वेळी दुखत असेल, बोंड खाली वाकत असेल आणि माणूस संबंध टाळू लागला असेल तर. नुसता आखूड दिसतो पण त्रास काहीच नाही, अशा टाक्याला हात लावू नये. मोबाइलवरचे फोटो बघून घाबरलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलं माझ्याकडे येतात. त्यांतल्या बहुतेकांना मी तपासून, समजावून परत पाठवतो.

आमच्या मुलाच्या बाबतीत तीनदा फाटलं होतं, व्रण पक्का झाला होता आणि शेवटचं फाटणं होऊन दोन महिने उलटले होते. मी त्याची रक्तातली साखर बघितली, ती ठीक होती. संसर्ग नव्हता. मग मी टेबलावरचा रुमाल घेतला आणि त्याला दाखवलं, तसं तुम्हालाही दाखवतो. कापडाला एक आडवी चीर पाडा. आता चिरेचे वरचा आणि खालचा असे दोन काठ दूर ओढा. चीर शंकरपाळ्यासारखी उघडते. हे शंकरपाळं आडवं न शिवता उभं शिवलं, म्हणजे डावा कोपरा उजव्या कोपऱ्याला जोडला, तर कापड उभ्या दिशेने लांब होतं आणि रुंदीला थोडं कमी होतं. शिंप्याला हे चटकन कळतं. टाक्याच्या शस्त्रक्रियेचं सगळं मर्म एवढंच आहे. काढून टाकायचं फारसं काही नसतं. आडवं कापायचं आणि उभं शिवायचं. याला फ्रेन्युलोप्लास्टी म्हणतात.

भूल फक्त त्या जागेची. बारीक सुईने लिग्नोकेन देतात. वरच्या बाजूने शिश्नाच्या मुळाशी भूल दिली तरी टाक्याची जागा नेहमी पूर्ण बधिर होत नाही, कारण तिथे खालच्या बाजूनेही संवेदना येतात. म्हणून घडीच्या तळाशीही थोडं औषध द्यावं लागतं. पहिली सुई टोचते, हे मी आधी सांगतो. मग चिमट्याने टोचून खात्री करतो आणि मगच पुढे जातो. या मुलाच्या टाक्यावर सुमारे एक सेंटिमीटरचा आडवा छेद घेतला, कडक पांढरा व्रण सोडवला, ती छोटी रोहिणी दिसताच बंद केली. घाईत नीट बंद न केलेली रोहिणी रात्री घरी गेल्यावर वाहू लागते. मग पाच बारीक, विरघळणारे टाके उभे घातले. इथे हात हलका लागतो, कारण मूत्रमार्ग अगदी जवळ असतो आणि खोल गेलेली सुई त्याला इजा करू शकते. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं. तो चहा पिऊन घरी गेला.

त्याने आधी विचारलं होतं, "सुख कमी होईल का?" मी सांगितलं, बहुतेकांना फरक जाणवत नाही, दुखणं गेल्यामुळे बरंच वाटतं. पण काहींना त्या जागी थोडी बधिरता किंवा व्रणाचा टोचरेपणा राहतो. आणि क्वचित टाका पुन्हा आखूड होतो, मग पुन्हा करावं लागतं किंवा सुंता करावी लागते. पहिल्याच वेळी सुंता हवीच असं नाही. कातडीचं तोंडही अरुंद असेल किंवा कातडी पांढरी, कडक, चिरणारी होत चालली असेल, तर सुंता योग्य ठरते.

शस्त्रक्रियेनंतरचा सगळ्यात अवघड काळ पहिल्या चार-पाच रात्रींचा असतो. झोपेत ताठरता येते, ती कोणाच्या हातात नसते, आणि टाके ओढले जातात. उठून लघवीला जावं, थोडं चालावं, ती ओसरते. थोडी सूज, निळसरपणा, एखादा रक्ताचा डाग चालतो. गाठ वाढत गेली, पू आला, ताप आला, रक्ताने कापड भरू लागलं तर परत यावं. धागे दोन-तीन आठवड्यांत आपोआप गळतात. त्याला मी सहा आठवड्यांची तारीख लिहून दिली आणि त्याच्या संमतीने पुढच्या भेटीला बायकोला बरोबर बोलावलं.

ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. मी कागदावर आकृती काढून काय झालं होतं ते सांगितलं. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, मीच नको आहे ह्यांना." आणि थोड्या वेळाने, "सासूबाईंनी ती चादर बघितली होती. त्या खूश होत्या."

या वाक्यावर मला थोडं थांबायचं आहे. पहिल्या रात्रीच्या चादरीवरच्या रक्ताचा अर्थ आपल्याकडे अजूनही काही घरांत लावला जातो. मुलीला रक्त आलं नाही म्हणून तिच्यावर संशय घेतला जातो. वैद्यकाला हे पूर्ण अमान्य आहे. पहिल्या संबंधात अनेक स्त्रियांना मुळीच रक्त येत नाही, आणि आलं तरी त्यावरून कौमार्य ठरत नाही. या घरात तर ते रक्त मुलाचं होतं.

असे प्रश्न विचारायला एकेकाळी एक जागा होती. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते चालवलं. त्यात ते वाचकांच्या खासगी प्रश्नांना उत्तरं छापत. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तो अशाच उत्तरांवरून, आणि त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. खटला ते हरले. त्या वाचकांना पत्र लिहिण्यासाठी निदान एक पत्ता तरी होता. आमच्या मुलाला ऑक्टोबरपर्यंत भिंतीवरच्या पाटीशिवाय काही सापडलं नव्हतं.

अजून एका पेशंटबद्दल बोलायला हवं, कारण प्रत्येक फाटणं टाक्याचं नसतं. एकावन्न वर्षांचे गृहस्थ, 'टाका कापून द्या' अशी चिठ्ठी घेऊन आले. मी पाहिलं तर टाका ठीक होता. चिरा होत्या त्या कातडीच्या कडेवर, गोल, चहूबाजूंनी, आणि त्यांत पांढरा थर. बुरशीचा संसर्ग. तिथेच बोटाच्या टोकावर साखर तपासली, ३४० निघाली. त्यांना आपल्याला मधुमेह आहे हेच माहीत नव्हतं. मलम आणि साखरेचं औषध, एवढ्याने चिरा भरल्या. ज्यांना मधुमेहासाठी ग्लिफ्लोझिन गटातलं औषध चालू आहे, त्यांच्यात लघवीतून साखर जाते आणि अशी बुरशी जास्त होते, हेही ध्यानात ठेवायला हवं. आणि न दुखणारी, तळाशी कडक लागणारी एकच जखम असेल किंवा बारीक फोडांचा घोस असेल, तर सिफिलिस आणि हर्पिस मनात यायला हवेत. ही सगळी माणसं सारखंच सांगतात, "तिथे फाटलंय." फरक फक्त बघितल्यावर कळतो.

तो मुलगा सातव्या आठवड्यात एकटाच आला. व्रण मऊ झाला होता, कातडी मागे घेतल्यावर बोंड सरळ राहत होतं. मी त्याला पहिले काही दिवस सावकाश जायला आणि पाण्यात विरघळणारी जेल वापरायला सांगितलं. निरोध वापरणार असाल तर तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, त्याने रबर फाटतं, हेही सांगितलं. रात्रपाळी सोडून दिवसपाळी घेतली आहे, असं तो जाताना म्हणाला.

इथे समोर बरेच फॅमिली डॉक्टर बसलेले मला दिसताहेत. तुमच्याकडे माझी एकच विनंती आहे. पुरुष पेशंट 'जळजळ' म्हणाला आणि नजर चुकवली, तर चिठ्ठी लिहिण्याआधी त्याची परवानगी घ्या, पडदा ओढा, दिवा जवळ घ्या आणि कातडी मागे घेऊन बघा.